लेन कीप असिस्ट: कॅमेरा काय बघतो, स्टिअरिंग का ओढतं आणि बंद कधी करायचं

नव्या गाडीची डिलिव्हरी झाली की पहिल्याच लांबच्या प्रवासानंतर हे प्रश्न येतात. मुंबई–पुणे एक्सप्रेसवे आणि समृद्धीवरून येणारे सगळ्यात जास्त, त्यामुळे उदाहरणंही बहुतेक तिथलीच घेतली आहेत. एकाच गोष्टीचं उत्तर दोनदा देण्यापेक्षा जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. लेन कीप असिस्ट म्हणजे गाडी आपोआप चालते का?

नाही. गाडी तुम्हीच चालवता. तुमचं लक्ष उडालं आणि इंडिकेटर न देता गाडी पट्ट्याकडे सरकायला लागली, तर ही यंत्रणा स्टिअरिंगला लेनच्या आतल्या बाजूला एक हलका रेटा देते. काम तेवढंच. पुढे खड्डा आहे, ट्रक उभा आहे की रस्ताच संपला आहे, याच्याशी तिला देणंघेणं नाही. तिला रस्ता कळत नाही, रस्त्यावरचे पट्टे कळतात. खालच्या बहुतेक प्रश्नांचं मूळ याच फरकात आहे.

२. डिस्प्लेवर कधी LDW, कधी LKA, कधी LFA दिसतं. हे सगळं एकच ना?

तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली फक्त इशारा देते: बीप वाजतो किंवा स्टिअरिंग थरथरतं, पण गाडीची दिशा बदलत नाही. दुसरी म्हणजे लेन कीप असिस्ट. गाडी पट्ट्याजवळ पोहोचेपर्यंत ती गप्प असते आणि मग एकदाच ढकलते. तिसरी, म्हणजे लेन सेंटरिंग, गाडीला सतत लेनच्या मधोमध धरून ठेवते. बहुतेक गाड्यांत ती पुढच्या गाडीशी अंतर राखत वेग सांभाळणाऱ्या अॅडॅप्टिव्ह क्रूझबरोबर वापरतात. कंपनीगणिक नावं बदलतात, म्हणून नावावर जाऊ नका. स्टिअरिंग अधूनमधून हलत असेल तर ती दुसरी, आणि सतत हलकंसं जिवंत वाटत असेल तर तिसरी.

पुढच्या उत्तरांत मुख्यतः दुसऱ्या प्रकाराबद्दल बोललो आहे. जिथे तिसरीचं वागणं वेगळं आहे तिथे तसं सांगितलं आहे.

३. माझ्या गाडीत ४० च्या वेगाला ते चालतच नाही. बिघाड आहे का?

बिघाड नाही. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत हे साधारण ६०-७० किमी वेगानंतर जागं होतं. होंडा सिटीत हा आकडा ७२ आहे. त्याखाली शहरातली रहदारी गृहीत धरलेली असते, आणि तिथे पट्टा ओलांडणं हा अपवाद नसून रोजचा व्यवहार आहे. लेन सेंटरिंग मात्र काही गाड्यांत अगदी कमी वेगालाही चालतं.

४. कॅमेऱ्याला पट्टा कळतो कसा?

मागचं बघायच्या आरशाच्या पाठीमागे, पुढच्या काचेला आतून चिकटलेला कॅमेरा असतो. तो सेकंदाला अनेक चित्रं घेतो. प्रत्येक चित्रात तो उजेड-अंधाराची सीमा शोधतो: काळ्या डांबरावर पांढरा पट्टा म्हणजे एका बाजूला गडद, मग उजळ, मग पुन्हा गडद. अशा सीमांचे तुकडे ठरावीक रुंदीचे आणि एका ओळीत असले तर तो त्यांना पट्टा मानतो.

पण चित्रात दोन समांतर पट्टे लांबवर जाऊन एकत्र आल्यासारखे दिसतात. म्हणून ते चित्र गणिताने सपाट केलं जातं, जणू रस्ता वरून बघतोय असं. त्यासाठी कॅमेरा जमिनीपासून किती उंच आहे आणि कोणत्या कोनात बसवला आहे हे संगणकाला नेमकं माहीत असावं लागतं (काच बदलल्यावर काय होतं ते प्रश्न १६ मध्ये). मग त्या सपाट नकाशावर पट्ट्यांची वक्ररेषा बसवली जाते. तिच्यातून प्रामुख्याने तीन गोष्टी कळतात: पट्टा आपल्यापासून किती अंतरावर आहे, गाडीचं नाक त्याच्याशी किती कोन करतंय आणि पुढे वळण किती आहे.

तुटक पट्ट्यांमधली मोकळी जागा ही वक्ररेषाच भरून काढते. त्यामुळे पट्टा थोडा वेळ पुसट झाला तरी डिस्प्लेवरची रेघ लगेच जात नाही. ती गेली की मात्र यंत्रणा आंधळी झाली असं समजा. बऱ्याच गाड्यांत डावी आणि उजवी रेघ वेगवेगळी दिसते. एकच रेघ ठळक असेल तर संरक्षणही त्याच बाजूला आहे.

५. स्टिअरिंग फिरवतं कोण? आणि मी जोर लावला तर कोण जिंकतं?

वेगळा यंत्रहात वगैरे काही नसतो. आजच्या गाड्यांत पॉवर स्टिअरिंग विजेच्या मोटरवर चालतं. स्टिअरिंगच्या दांड्यात एक बारीक, पीळ खाणारी सळई असते. तुम्ही स्टिअरिंग फिरवता तेव्हा ती किंचित पिळते, सेन्सर तो पीळ मोजतो आणि मोटर त्या प्रमाणात मदत करते. तुमचं स्टिअरिंग हलकं लागतं ते त्यामुळे. लेन कीप असिस्ट याच मोटरला सांगतं, ‘चालकाने मागितलेल्या मदतीत एवढा टॉर्क आणखी मिळव.’

हा जास्तीचा टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, मुद्दामच तोकडा ठेवलेला असतो. स्टिअरिंगवर तो साधारण २-३ न्यूटन-मीटर जाणवतो. स्टिअरिंगचा व्यास ३८ सेंटिमीटर धरला, तर ३ न्यूटन-मीटर म्हणजे कडेवर सुमारे १६ न्यूटन, म्हणजे दीड किलोच्या आसपासचं ओझं. एका हाताने सहज रोखता येईल इतकंच. संयुक्त राष्ट्रांचा स्टिअरिंगविषयीचा नियम ७९ अशा यंत्रणांसाठी कमाल मर्यादा सांगतो: त्यांना मागे सारायला चालकाला ५० न्यूटनपेक्षा, म्हणजे सुमारे ५ किलोपेक्षा, जास्त जोर लागता कामा नये.

म्हणून उत्तर सरळ आहे: तुम्हीच जिंकता. तुमचा टॉर्क ठरावीक मर्यादेपुढे गेला की यंत्रणा ‘चालकाला हेच हवंय’ असं समजून मागे हटते. ‘स्टिअरिंग लॉक झालं होतं’ असं लोक लिहितात, पण बहुतेक वेळा तो अनपेक्षित रेट्याने बसलेला दचका असतो.

६. नेमकं कोणत्या क्षणी ढकलायचं, हे ते कसं ठरवतं?

पट्ट्यापर्यंतच्या अंतरावरून नव्हे, तर पट्टा गाठायला किती वेळ उरला आहे त्यावरून. एक हिशेब करून बघू.

एक्सप्रेसवेची लेन ३.७५ मीटर आणि गाडी १.८ मीटर रुंद. मधोमध चालत असाल तर दोन्ही बाजूंना साधारण ९७ सेंटिमीटर उरतात. वेग १०० किमी म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर. आता डुलकी लागली आणि गाडीचं नाक फक्त १ अंशाने डावीकडे गेलं. गाडी सेकंदाला जवळपास अर्धा मीटर बाजूला सरकते आणि २ सेकंदांत चाक पट्ट्यावर येतं. तेवढ्या वेळात गाडी ५५ मीटर पुढे गेलेली असते. पट्टा यायला सेकंदभर उरला असताना रेटा सुरू झाला, तर अर्धा मीटर प्रति सेकंदाचं हे सरकणं थांबवायला अगदी सौम्य वळणही पुरतं.

नाक ३ अंश वळलं तर? आता सरकण्याचा वेग सेकंदाला दीड मीटरच्या जवळ जातो आणि पट्टा पाऊण सेकंदाच्या आत येतो. तेवढ्याच सौम्य वळणाने हे सरकणं थांबवायला दीड सेकंद आणि एक मीटरहून जास्त जागा लागेल, म्हणजे गाडी शेजारच्या लेनमध्ये घुसलेली असेल. युरोपातल्या अधिकृत चाचण्याही सेकंदाला ०.२ ते ०.५ मीटर सरकणाऱ्या गाडीवरच घेतात. हे साधन हळूहळू घसरणाऱ्या गाडीसाठी आहे. झोपेत स्टिअरिंग झटकन ओढलं गेलं तर त्याच्याकडून फार आशा ठेवू नका.

७. दोन्ही हात स्टिअरिंगवर आहेत, तरी ‘हात स्टिअरिंगवर ठेवा’ का येतं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त समृद्धीवरून येतो आणि त्याचं कारण त्या रस्त्याच्या सरळपणात आहे.

बहुतेक गाड्यांना तुमचे हात दिसत नाहीत. त्या फक्त प्रश्न ५ मधल्या सळईचा पीळ मोजतात. रस्ता सरळ आहे, गाडी मधोमध आहे, तुम्ही स्टिअरिंग नीट पण स्थिर धरलं आहे, तर पीळ शून्य. गाडीच्या लेखी तिथे हातच नाहीत. अशा वेळी स्टिअरिंग गदागदा हलवायची गरज नाही. एका बाजूला अंगठ्याने हलकासा दाब द्या, गाडीची दिशा बदलणार नाही इतका. इशारा जातो. काही महागड्या गाड्यांच्या स्टिअरिंगमध्ये स्पर्श ओळखणारी पट्टी असते, तिथे हा त्रास होत नाही.

याच कच्च्या दुव्याचा फायदा घेऊन स्टिअरिंगला बाटली किंवा वजन अडकवायचे व्हिडिओ फिरतात. वजनाने सळईला कायमचा पीळ बसतो आणि गाडीला वाटतं चालक आहे. मग पट्टे संपले, यंत्रणा गप्प बसली आणि स्टिअरिंगवर फक्त बाटली उरली, तर गाडी त्या वजनाच्या बाजूला वळायला लागते. याहून स्पष्ट काय सांगणार!

८. लेन बदलताना स्टिअरिंग माझ्याशी भांडतं. काय करू?

इंडिकेटर द्या. इंडिकेटर चालू झाला की त्या बाजूचा रेटा बंद होतो, कारण आता पट्टा ओलांडणं हा तुमचा इरादा आहे हे गाडीला कळलेलं असतं. ‘भांडणा’च्या तक्रारींपैकी बऱ्याच इथेच मिटतात. मागून येणाऱ्याला इंडिकेटर दिसतो, हा त्यातला आणखी एक फायदा.

एक खरी अडचण मात्र उरते. डावीकडे साइडपट्टीला खेटून मोटरसायकल चालली आहे आणि तुम्ही लेन न बदलता थोडे उजवीकडे सरकून तिला जागा देता. इंडिकेटर दिलेला नसतो आणि चाक उजव्या पट्ट्याजवळ गेलं की गाडी तुम्हाला पुन्हा डावीकडे, म्हणजे त्या मोटरसायकलकडे, ढकलते. रेटा किरकोळ असतो, पण दिशा नेमकी चुकीची. दुचाक्यांनी भरलेल्या राज्य महामार्गावर हे मिनिटामिनिटाला होणार असेल, तर मी स्टिअरिंगचा रेटा बंद ठेवायच्या बाजूचा आहे (प्रश्न १२).

९. एक्सप्रेसवेवर पट्टे ठळक आहेत, तरी डिस्प्लेवरची रेघ मध्येच का जाते?

कारण तुमचा डोळा आणि कॅमेरा वेगवेगळ्या गोष्टींवर विसंबतात. मुंबई–पुणे आणि समृद्धी हे दोन्ही रस्ते कॉन्क्रीटचे आहेत. काळ्या डांबरावर पांढरा पट्टा उठून दिसतो, पण फिकट राखाडी कॉन्क्रीटवर, भर दुपारी, धूळ बसलेल्या पट्ट्याची उजळता कॉन्क्रीटच्या जवळ जाते. तुम्ही रंग, दुभाजक, पुढची गाडी असं सगळं मिळून लेन ओळखता. कॅमेऱ्याचा मुख्य आधार मात्र प्रश्न ४ मधला उजेड-अंधाराचा फरक, आणि तोच कमी झालेला असतो.

त्यात कॉन्क्रीटच्या दोन स्लॅबमधला उभा सांधा भर घालतो. त्यात भरलेलं डांबर लेनच्या दिशेनेच सरळ जातं. ऊन पुढून तिरपं येत असेल तर हे काळं, गुळगुळीत डांबर चकाकतं आणि कॅमेऱ्याला पांढरी रेघ दिसते. संध्याकाळी पुण्याहून मुंबईकडे येताना सूर्य पुढ्यात असतो. तेव्हा गाडी लेनच्या मध्ये असूनही एकदम हलका झटका बसला, तर नजर टाका: खरा पट्टा बाजूला आणि तुमच्या चाकाजवळ सांध्याची चकाकणारी रेघ, असं चित्र दिसायची दाट शक्यता आहे.

१०. घाटात ते अचानक सोडून का देतं?

दोन कारणांनी. पहिलं म्हणजे तीव्र वळणात पुढचा पट्टा कॅमेऱ्याच्या नजरेच्या टप्प्याबाहेर जातो. दुसरं, वळायला लागणाऱ्या जोरालाच मर्यादा घातलेली असते. प्रश्न ५ मधल्या नियमात लेनमध्ये सतत धरून ठेवणाऱ्या यंत्रणेला कारसाठी आडव्या त्वरणाची कमाल मर्यादा ३ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे. ६० किमी वेगाला हे सुमारे ९३ मीटर त्रिज्येचं वळण होतं आणि १०० किमीला सुमारे २५७ मीटरचं. त्याहून आवळ वळण आलं की यंत्रणा हात वर करते. प्रत्यक्षात बऱ्याच कंपन्या याहून खालीच थांबतात.

धोका असा की ती सोडते तेव्हा वळण अर्धं झालेलं असतं. सेंटरिंग चालू ठेवून हात सैल सोडले असतील तर स्टिअरिंग त्याच क्षणी सरळ व्हायला लागतं. खोपोली–लोणावळ्याच्या टप्प्यात, आंबा किंवा कशेडी घाटात ते आधीच बंद करा. घाट संपल्यावर पुन्हा चालू करता येतं.

११. रस्त्याचं काम चालू असलेल्या डायव्हर्जनमध्ये काय होतं?

इथे पट्टे नुसते दिसेनासे होत नाहीत, ते खोटं बोलतात. म्हणून हे उत्तर थोडं लांब आहे.

समजा पूल दुरुस्तीसाठी डावी लेन बंद केली आहे. पिंप, वाळूची पोती आणि बॅरिकेड लावून रहदारी उजवीकडे वळवली आहे, पण जुने पट्टे तसेच आहेत. तुम्ही पिंपांच्या कडेने उजवीकडे निघता. कॅमेऱ्याला दिसतं ते असं: जुना पट्टा सरळ जातोय आणि गाडी इंडिकेटर न देता तो ओलांडतेय. तो तुम्हाला डावीकडे, म्हणजे पिंपांकडे, रेटा देतो. दीड किलोचा रेटा हात घट्ट असेल तर काही करू शकत नाही, पण त्याच वेळी एका हाताने टोलचा मेसेज बघत असाल तर गाडी फूटभर सरकायला तेवढं पुरतं.

जुने पट्टे काळा रंग मारून झाकलेले असले तरी सुटका नाही. तो रंग आजूबाजूच्या रस्त्यापेक्षा गुळगुळीत असतो. रात्री समोरच्या दिव्यांत किंवा ओल्या रस्त्यावर तो चमकतो आणि झाकलेला पट्टा पुन्हा उगवतो.

जर्मनीत राहणाऱ्यांना यातला दुसरा प्रकार भेटतो. तिथे कामाच्या टप्प्यात पांढऱ्या पट्ट्यांवरून तात्पुरते पिवळे पट्टे आखतात आणि पिवळा असेल तिथे पांढरा रद्द, हा नियम आहे. पिवळ्याला प्राधान्य देणारे कॅमेरे हे नीट पाळतात, सगळे पाळत नाहीत. त्यात डावी लेन इतकी अरुंद केलेली असते की २.१ मीटरहून रुंद गाड्यांना मनाई करणारी पाटी अनेकदा दिसते. मग गाडी कायमच कुठल्या ना कुठल्या पट्ट्याजवळ असते आणि स्टिअरिंग दोन्हीकडून टोचत राहतं. कामाची पहिली पाटी दिसली की बटण दाबायचं, ही सवय तिथेही लावून घ्या.

१२. थोडक्यात सांगा, बंद कधी ठेवू?

घाट (प्रश्न १०) आणि डायव्हर्जन (प्रश्न ११) तर झालेच. तिसरा प्रसंग म्हणजे मध्ये दुभाजक नसलेला राज्य महामार्ग. उसाच्या हंगामात सांगली-कोल्हापूरकडच्या रस्त्यांवर रात्री एकामागोमाग ट्रॉल्या असतात, अनेकींना मागे दिवा नसतो. ट्रॉली दिव्यांच्या उजेडात येते तेव्हा तुम्हाला तत्क्षणी मधल्या पट्ट्यावर जायचं असतं आणि इंडिकेटरची वाट बघायला वेळ नसतो. अशा वेळी स्टिअरिंगमध्ये उलटा रेटा, कितीही हलका असला तरी, नको.

गाडीचं स्वतःचं वागणं बदललेलं असेल तेव्हाही बंद करा: छोटी तात्पुरती स्टेपनी लावली आहे, मागे ट्रेलर जोडला आहे, किंवा तुमची गाडी टो करून नेत आहेत. पट्टा आणि गाडी यांचा हिशेब मूळ गाडी धरून बसवलेला असतो.

शहरात बंद करायची वेगळी गरज नाही, ते तसंही झोपलेलं असतं (प्रश्न ३).

शक्य असेल तिथे पूर्ण बंद करण्यापेक्षा सेटिंगमध्ये फक्त इशारा चालू ठेवा आणि स्टिअरिंगचा रेटा काढा. बहुतेक गाड्यांत हा मधला पर्याय मिळतो आणि माझ्या मते आपल्या राज्य महामार्गांना तोच सर्वांत योग्य आहे.

१३. मग ते कायमचंच बंद का ठेवू नये?

कारण ज्या अपघातासाठी ते बनवलं आहे तो समृद्धीवर खरोखर होतो. ७०१ किलोमीटरचा, १२० च्या वेगमर्यादेचा, लांबच लांब सरळ रस्ता. नागपूरहून पहाटे निघालेला माणूस दुपारी जेवण करून पुन्हा गाडीत बसतो आणि अर्ध्या तासात डोळे जड होतात. गाडी एका अंशाने डावीकडे सरकायला लागते. प्रश्न ६ मधला हिशेब इथे १२० ने केला तर पट्टा दीड-पावणेदोन सेकंदांत येतो. रुंद लेन, ठळक कडेचा पट्टा, दुचाकी नाही, वळण नाही. यंत्रणेला याहून सोपी परीक्षा मिळणार नाही. इथे ते बंद ठेवणं मला पटत नाही.

मात्र वारंवार रेटा बसायला लागला, तर तो गाडीचा नव्हे, तुमचा निकाल आहे. नियम ७९ मध्येही चालकाने स्टिअरिंगला हात न लावता तीन मिनिटांत दुसऱ्यांदा दुरुस्ती करावी लागली तर आवाजाने बजावायची अट आहे. पुढच्या थांब्यावर गाडी बाहेर घ्या.

१४. हे बंद केलं तर आपोआप लागणारा ब्रेकही बंद होतो का?

नाही. दोन्हींच्या सेटिंग वेगळ्या असतात. पण कॅमेरा बहुतेक वेळा सामाईक असतो. तुम्ही बटणाने बंद केलं तर ब्रेक जागाच राहतो. कॅमेऱ्यासमोरची काच चिखलाने झाकली गेली असेल तर मात्र दोन्हींवर परिणाम होतो, आणि तसा संदेश डिस्प्लेवर येतो.

१५. युरोपात घेतलेल्या गाडीत रोज बंद करतो, रोज परत चालू होतं. कायमचं जात नाही का?

जात नाही, आणि ते मुद्दाम आहे. युरोपीय संघाच्या सुरक्षा नियमानुसार आपत्कालीन लेन कीपिंग जुलै २०२२ पासून नव्या मॉडेलना आणि जुलै २०२४ पासून विकल्या जाणाऱ्या सर्व नव्या गाड्यांना बंधनकारक आहे, आणि गाडी सुरू केली की ते चालूच असलं पाहिजे. बऱ्याच गाड्यांत बंद करायचा शॉर्टकट स्टिअरिंगवरच्या बटणावर ठेवता येतो, तो शोधून ठेवा. भारतातल्या अनेक गाड्या मात्र शेवटची सेटिंग लक्षात ठेवतात. त्यामुळे इथे उलटी अडचण होते: घाटात बंद केलेलं महिनाभर बंदच राहतं.

१६. पुढची काच बदलल्यापासून गाडी लेनच्या एका बाजूने चालते. संबंध आहे का?

दाट संबंध आहे. कॅमेरा काचेला बसवलेला असतो. नव्या काचेवर तो फक्त १ अंशाने आडवा बसला तरी ५० मीटर पुढचा पट्टा त्याला ८७ सेंटिमीटर बाजूला दिसेल. म्हणून काच बदलल्यावर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन करावं लागतं. काही गाड्यांना त्यासाठी समोर ठरावीक अंतरावर नक्षीचा फलक ठेवतात, काहींना ठरावीक वेगाने रस्त्यावर चालवून नेतात, काहींना दोन्ही लागतं. काच बसवणाऱ्याला आधीच विचारा की बिलात कॅलिब्रेशन आहे का. ‘आपोआप होतं’ असं उत्तर मिळालं तर सर्व्हिस सेंटरकडून खात्री करून घ्या.

काच न बदलताही कॅमेऱ्याला त्रास देता येतो. फास्टॅग नेमका कॅमेऱ्याच्या खिडकीत चिकटवलेला असतो. किंवा डॅशबोर्डवर पांढरा रुमाल, नॅपकिनचा डबा, चकचकीत मूर्ती ठेवलेली असते आणि उन्हात तिचं प्रतिबिंब काचेच्या आतल्या बाजूला उमटतं. तुम्हाला ते खालून जाणवत नाही, कॅमेरा मात्र त्यातूनच रस्ता बघत असतो.

१७. गाडी सारखी डावीकडे ओढते. सिस्टीम की अलाइनमेंट, कसं ओळखू?

मोकळ्या, सरळ रस्त्यावर आधी यंत्रणा पूर्ण बंद करा. तरीही गाडी ओढत असेल तर टायरमधली हवा, अलाइनमेंट किंवा रस्त्याचा उतार यांच्याकडे बघा. आपले रस्ते पाणी जायला कडेकडे उतरते केलेले असतात, त्यामुळे थोडं डावीकडे जाणं नैसर्गिक आहे. दुभाजकाजवळच्या लेनमध्येही तसंच वागते का ते पाहा.

बंद केल्यावर ओढणं थांबलं तर मग कॅमेऱ्याकडे वळा (प्रश्न १६). आणखी एक खूण: अलाइनमेंटचं ओढणं सतत असतं, पट्टे असोत-नसोत. यंत्रणेचं ओढणं डिस्प्लेवरची रेघ ठळक असतानाच येतं आणि रेघ राखाडी झाली की जातं.

१८. पावसात आणि धुक्यात त्यावर विसंबायचं का?

मुसळधार पावसात वायपर जिथे फिरतो तेवढीच काच कॅमेऱ्याला स्वच्छ मिळते आणि रस्त्यावरचं पाणी पट्ट्यावर चादर घालतं. रात्री त्या पाण्यात समोरच्या दिव्यांचे लांब उभे ओघळ दिसतात, जे कॅमेऱ्याला पट्ट्यासारखे वाटू शकतात. धुक्यात मात्र तो बहुधा प्रामाणिक असतो: दिसलं नाही की रेघ घालवतो. झीज झालेला वायपर असेल तर पावसाळ्याआधी बदला, आणि बदलताना आरशामागची काच पुसली जातेय ना ते पाण्याचा फवारा मारून बघा.

१९. माझ्या गाडीत स्टिअरिंग हललंच नाही, पण एका बाजूचा ब्रेक लागल्यासारखं झालं. हे काय?

काही गाड्या स्टिअरिंगऐवजी चाकांच्या ब्रेकने दिशा दुरुस्त करतात. उजवीकडची चाकं थोडी दाबली की गाडी उजवीकडे वळते. मर्सिडीज आणि इन्फिनिटीने काही मॉडेलमध्ये हा मार्ग वापरला. यात स्टिअरिंगला काही जाणवत नाही, त्यामुळे ‘कोण जिंकतं’ (प्रश्न ५) याची कसोटी हाताला लागत नाही. ब्रेकची ही थाप पहिल्यांदा बसली की चाक खड्ड्यात गेलं असं वाटतं. त्याच क्षणी पट्ट्याचा इशारा डिस्प्लेवर चमकला असेल तर खड्डा नव्हता.